काळ्या मातीतलं छोटं घर: वाळूचा थर की बल्बचे पाइल?

प्रश्न: उरुळी कांचनजवळ तीन गुंठ्यांचा प्लॉट आहे, मागे उसाचं शेत. ३० बाय २५ फुटांचं घर बांधायचंय, सध्या फक्त तळमजला आणि पाच-सात वर्षांनी वर एक मजला. एका कोपऱ्यात जेसीबीने खड्डा घेतला तर ९ फूट काळी माती निघाली, मग पिवळट लागलं, ११ फुटांवर थांबलो. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, पाच फूट खाली दोन फूट वाळूचा थर दाबून त्यावर मोठी फुटिंग टाकू, सगळे असंच करतात. इंजिनिअर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी रुंद बल्ब असलेले काँक्रीटचे खोल खांब सांगतोय. खर्च ऐकून घरचे बिचकलेत. वाळूवर भागेल का?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून सांगायचं तर वाळूवर भागणार नाही. पण पाइलच लागतील असंही मी आत्ता म्हणणार नाही, कारण त्या ११ फुटांच्या खाली काय आहे ते अजून कुणी पाहिलेलं नाही. वाळू की पाइल हा वाद त्यामुळे थोडा बाजूला ठेवू. तुमच्या प्लॉटवर माती किती खोलीपर्यंत हलते आणि तिला दाबून ठेवायला तुमचं घर पुरेसं जड आहे का, हे दोन मुद्दे आधी सुटायला हवेत.

पाया म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर घर खचण्याची भीती येते. काळ्या मातीत छोट्या घराला जास्त धोका उचललं जाण्याचा असतो. दख्खनच्या काळ्या खडकाची झीज होऊन बनलेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याच्या पातळ पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतं, आणि वाळलं की आक्रसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा दिसतात आणि ऑगस्टमध्ये त्याच मिटतात, तोच हा प्रकार. ही हालचाल वरच्या थरात सर्वांत जास्त असते आणि खाली कमी होत जाते. आपल्याकडे साधारण साडेतीन मीटर, म्हणजे साडेअकरा फुटांच्या खाली ऋतूप्रमाणे होणारा बदल नगण्य धरतात.

सगळं घर एकसारखं वर गेलं आणि खाली आलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. तसं होत नाही. घराच्या मध्यभागी माती झाकली गेल्यावर तिथली वाफ बंद होते आणि ओल हळूहळू साठत जाते. कडेची माती मात्र दरवर्षी भिजते आणि वाळते. तुमच्याकडे त्यात उसाच्या पाण्याची भर आहे: मागची बाजू उन्हाळ्यातही ओली आणि रस्त्याकडची बाजू तडकलेली. म्हणजे एकाच घराच्या दोन कडा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या हलणार. भिंतीत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी तड जाते, पावसाळ्यात दार अडकतं आणि उन्हाळ्यात सुटतं, ते यामुळे. तड वर्षभरात कमी-जास्त होत असेल तर माती हलतेय असं समजायचं. घर नुसतं खचत असेल तर तड वाढत जाते, ती पुन्हा मिटत नाही.

आता वजनाकडे येऊ. ३० बाय २५ म्हणजे सुमारे ७० चौरस मीटर. स्लॅब, भिंती, फरशी, माणसं-सामान मिळून एका मजल्याला चौरस मीटरमागे ढोबळ १.२ टन धरू. दोन मजल्यांचे साधारण १६८ टन झाले. नऊ कॉलम असतील तर कोपऱ्यातल्या प्रत्येकावर १३ टनांच्या आसपास, कडेच्या मधल्यांवर २१ आणि अगदी मधल्यावर ३२ येतील. हे अंदाजाचे आकडे आहेत, तुमच्या नकाशावरून इंजिनिअर नेमके काढेल. पण पहिली पाच-सात वर्षं वरचा मजला नसणार. तेव्हा हे सगळे आकडे निम्मे होतात आणि कोपऱ्यावर फक्त साडेसहा टन उरतात.

कॉन्ट्रॅक्टरच्या मोठ्या फुटिंगचं माप ५ बाय ५ फूट असेल असं धरू, म्हणजे सव्वादोन चौरस मीटर. कोपऱ्यात चौरस मीटरला जेमतेम तीन टन दाब आला. वर भरलेल्या मातीचं वजन धरलं तरी साडेपाचच्या पुढे जात नाही. मधल्या कॉलमखाली तसाच हिशेब केला तर साडेनऊ-दहा येतो. काळ्या मातीचा फुगण्याचा दाब चौरस मीटरला १० टन निघाला तर त्यात नवल नाही, काही नमुन्यांत २० च्याही पुढे जातो. म्हणजे मधला कॉलम जागेवर राहील आणि कोपरे वर जातील. फुटिंग जेवढी मोठी तेवढं सुरक्षित, हा मुरमावरचा नियम इथे उलटा पडतो: फुटिंग वाढवली की दाब कमी होतो आणि मातीला ती उचलणं सोपं जातं. मग फुटिंग लहान करून दाब वाढवावा का? तेही करता येत नाही, कारण हीच माती पावसाळ्यात भिजली की मऊ पडते आणि जास्त दाब पेलत नाही. या कात्रीतून सुटायचं तर हलणाऱ्या थरातून खाली गेलं पाहिजे.

वाळूचं काय होतं ते यातच आलं. पाच फुटांखाली दोन फूट वाळू घातली तर वाळूचा तळ सात फुटांवर येतो. त्याखाली तुमच्या खड्ड्यात आणखी दोन फूट काळी माती आहे, आणि तीही अजून हलणाऱ्या पट्ट्यात आहे. ती फुगली की वाळूसकट फुटिंग उचलते. वाळू थोडी बाजूला सरकून थोडा धक्का सोसते, पण भरवसा ठेवावा इतका नाही. दुसरी अडचण पाण्याची. काळ्या मातीतून पाणी लवकर झिरपत नाही, वाळूतून लगेच जातं. त्यामुळे वाळू भरलेला खड्डा म्हणजे फुटिंगखाली बांधलेला हौदच. पावसाचं, उसाचं, बाथरूमच्या गळतीचं पाणी त्यात उतरतं आणि खालच्या मातीला महिनोन्‌महिने पाजत राहतं. सरसकट वाळू वाईट असं माझं म्हणणं नाही. काळी माती तीन-चार फूटच असेल आणि ती सगळी काढून थेट मुरमापर्यंत जागा भरायची असेल, तर वाळू चालते. पण तिथे चांगला मुरूम थराथराने दाबून भरणं जास्त बरं आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडतं. ‘सगळे असंच करतात’ त्यातली बरीच घरं अशाच उथळ मातीवर उभी असतात, म्हणून ती टिकलेली दिसतात.

आता तुमचा खड्डा. ९ फुटांवर लागलेलं ‘पिवळट’ म्हणजे मुरूम नसेलही. काळी माती आणि मुरूम यांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी पिवळी किंवा तपकिरी चिकणमाती असते, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे दिसतात. ती कमी फुगते, पण फुगते. ओळखायला सोपं आहे. मूठभर भिजवून बोटांत चोळा. मुरूम खरखरीत लागतो, दगडाचे कण सुटे होतात आणि पाणी निथळून जातं. चिकणमाती साबणासारखी घसरते आणि हाताला माखून राहते. हे जागेवर कळण्यापुरतं झालं. त्यासोबत काळ्या आणि पिवळ्या दोन्ही थरांचे नमुने माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत द्या आणि फ्री स्वेल इंडेक्स व फुगण्याचा दाब या दोन चाचण्या मागा. पहिल्या चाचणीत चाळलेली १० ग्रॅम माती एका नळीत पाण्यात आणि तेवढीच दुसऱ्या नळीत रॉकेलमध्ये २४ तास ठेवतात. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे दोन्ही नळ्यांमधला फरक थेट दिसतो. तो ५० टक्क्यांच्या आत असेल तर थोडा निर्धास्तपणा. १०० च्या पुढे असेल तर माझा पुढचा सगळा सल्ला अक्षरशः पाळा.

शिवाय एक खड्डा पुरत नाही. आपल्याकडे मुरमाचा पृष्ठभाग सपाट नसतो, विशेषतः जुना ओढा किंवा बुजवलेली विहीर जवळ असेल तर. समोरच्या तिरक्या कोपऱ्यात दुसरा खड्डा घ्या, आणि पहिल्या ठिकाणी हातऑगरने, म्हणजे हाताने फिरवून भोक पाडायच्या अवजाराने, १५-१६ फुटांपर्यंत खाली जाऊन पाहा. खड्डे कॉलमच्या जागा सोडून घ्या, नाहीतर नेमकी तिथलीच जमीन सैल होते. जेसीबीच्या खोल खड्ड्यात कुणाला उतरू देऊ नका, काळ्या मातीच्या भिंती सूचना न देता ढासळतात.

दोन्हीकडे खरा मुरूम साधारण १० फुटांच्या आत मिळाला तर पाइल विसरा. कॉलमचे खड्डे मुरमात अर्धा-एक फूट उतरवा आणि फुटिंग तिथेच टाका. मुरूम चांगला असेल तर ती छोटी पुरते. खोदकाम जास्त होईल, पण हे काम कुठल्याही गवंड्याला येतं आणि तुम्हाला डोळ्यांनी तपासता येतं. पुणे जिल्ह्यातल्या बऱ्याच प्लॉटवर हेच उत्तर बरोबर असतं. एकच पथ्य: असे खड्डे उन्हाळ्यात घ्या आणि उघडे ठेवू नका. खोदणं, पीसीसी म्हणजे तळाचं साधं काँक्रीट, आणि फुटिंग पाठोपाठ उरकायचं.

मुरूम १२-१३ फुटांच्या खाली गेला तर मात्र तुमचा इंजिनिअर बरोबर आहे. एवढे खोल खड्डे उघडे ठेवणं धोक्याचं असतं, त्यात पाणी लागलं तर खर्च पाइलच्या पुढे जातो. अंडर-रीम्ड पाइल म्हणजे जमिनीत ३०० मिमी व्यासाचं भोक पाडून तळाशी त्याला रुंद पोट द्यायचं, आणि सळ्या उभ्या करून काँक्रीट भरायचं. पोटाचा, म्हणजे बल्बचा व्यास दांड्याच्या अडीच पट, इथे ७५० मिमी. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने नेमकी याच मातीसाठी विकसित केली. तिचा मानक आयएस २९११ भाग ३ मध्ये आहे, आणि तुमच्या इंजिनिअरचं डिझाइन त्यातूनच यायला हवं.

बल्बची दोन कामं आहेत. घराचं वजन तो खालच्या स्थिर मातीवर पसरवतो हे एक. दुसरं काम लोकांच्या लक्षात येत नाही: वरची माती फुगताना पाइलच्या दांड्याला धरून वर ओढते आणि बल्ब तिथे जहाजाच्या नांगरासारखा अडतो. तुमच्या घराचा हिशेब करू. ३०० मिमी दांड्याचा घेर ०.९४ मीटर. वरची अडीच मीटर माती जास्त हलते आणि चौरस मीटरला ३ टनांनी दांड्याला पकडते असं धरलं तर ओढ सात टनांची झाली. तळमजला असताना कोपऱ्यावरचं वजन आहे साडेसहा टन. म्हणजे त्या काळात पाइल दबलेला नसून ताणलेला असेल. साधा, बल्ब नसलेला छोटा पाइल अशा वेळी वर सरकू शकतो. सळ्या वरच्या चार-पाच फुटांतच ठेवल्या असतील तर काँक्रीट मध्येच तुटू शकतं. म्हणून १२ मिमीच्या किमान चार सळ्या तळापासून डोक्यापर्यंत अखंड हव्यात. ‘खाली कशाला स्टील, तिथे नुसता दाब असतो’ असं साइटवर कुणी म्हणालं तर त्याला हा हिशेब दाखवा.

मध्यम घट्ट मातीत अशा एका बल्बच्या पाइलवर १२ ते १६ टन सुरक्षित भार धरता येतो, ताण साधारण त्याच्या निम्मा. त्या हिशेबाने कोपऱ्यांना एकेक पाइल, कडेच्या मधल्या कॉलमना दोन-दोन आणि मधल्याला दोन बल्बचे दोन पाइल, असे १४ होतात. लांबी १५ फुटांच्या आसपास, बल्ब हलणाऱ्या पट्ट्याच्या खाली. दोन पाइलमधलं अंतर बल्बच्या दुप्पट, म्हणजे दीड मीटर ठेवतात. या सगळ्याला काँक्रीट फार लागत नाही, तुमच्या नऊ मोठ्या फुटिंगइतकंच जवळपास. जास्तीचे पैसे जातात ते अवजारं आणि सरावलेली टोळी यांना. त्यामुळे कोटेशन मागताना पाइलमागे दर आणि टोळी आणण्याचा खर्च वेगवेगळा लिहून घ्या. दोन कोटेशनमधला फरक बहुतेक वेळा दुसऱ्या आकड्यात सापडतो.

एका कोपऱ्यात मुरूम वर आला तर तिथे बल्ब कापता येणार नाही, ऑगरच अडेल. तिथे कॉलम मुरमावर आणि उरलेले पाइलवर, असं मिश्र डिझाइन करता येतं, पण ते इंजिनिअरने आधी कागदावर ठरवलेलं हवं. अडल्यावर साइटवर सुचलेलं नको.

पाइलचं काम चालू असताना तिथे उभं राहणार असाल तर बल्ब झालाय का एवढंच पाहा, कारण झाकल्यावर तो पुन्हा दिसत नाही. बल्ब कापणारा कटर पूर्ण उघडला की त्याच्या दांड्यावरची खूण ठरलेल्या जागी येते, ती आधीच विचारून ठेवा. दुसरी तपासणी सिमेंटची. १५ फुटांच्या एका बल्बच्या पाइलला सुमारे ०.३९ घनमीटर काँक्रीट लागतं, बल्ब नसेल तर ०.३२. गोण्यांत सांगायचं तर साधारण तीन आणि अडीच. १४ पाइल संपल्यावर गोण्यांचा हिशेब सात-आठने कमी भरला तर बल्ब नीट झालेले नाहीत. भोक त्याच दिवशी भरलं पाहिजे. रात्रभर उघडं राहिलं की बल्बचं छत ढासळतं आणि तळाशी चिखल साचतो. पाणी लागलं असेल तर काँक्रीट वरून ओतू न देता तळापर्यंत पाइप सोडून त्यातून भरायचं. काँक्रीट सैलसर असावं, पण त्यात पाणी ओतून केलेलं नव्हे.

इतकं सगळं करूनही घर तडकलेलं मी पाहिलंय, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच निघतं: प्लिंथ बीम, म्हणजे जोत्याच्या पातळीचा आडवा बीम, सरळ काळ्या मातीवर ओतलेला. पाइल जागेवर राहतात आणि माती बीमलाच मधून उचलते. बीमच्या तळाखाली किमान ८० मिमी मोकळी फट हवी. खाली फळ्या लावून बीम ओता, नंतर त्या काढून घ्या, आणि दोन्ही बाजूंना शहाबादी फरशीच्या उभ्या पट्ट्या लावा म्हणजे भराव आत ढासळणार नाही. बीमखाली पीसीसी करायची सवय गवंड्यांना फार असते. तो दिवस साइटवर स्वतः हजर राहण्याचा आहे. मुरमावरच्या फुटिंगचा पर्याय निघाला तरी ही फट लागतेच.

उरली फरशी. ती पाइलवर नसते, जमिनीवर असते, त्यामुळे ती फुगून वर येण्याची तक्रार सगळ्यांत जास्त. खड्ड्यांतून निघालेली काळी माती जोत्यात भरू देऊ नका, वाहतूक वाचवायला हे सर्रास केलं जातं. आतली वरची दोन-तीन फूट काळी माती काढून तिथे किंचित चिकण असलेला, न फुगणारा मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पाणी मारून दाबा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या कामातून हे पुढे आलं की अशा न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा सुमारे एक मीटरचा थर खालचं फुगणं बरंच रोखतो. सुटी वाळू ते काम करत नाही. फरशी भिंतीला आणि बीमला घट्ट बांधू नका, कडेला बारीक सांधा ठेवा.

तुमच्या बाबतीत पाण्याचा बंदोबस्त पायाइतकाच मोजावा लागेल. घराभोवती चार-पाच फुटांचा, बाहेर उतार दिलेला पक्का पट्टा करा आणि गच्चीचं पाणी त्याच्या पलीकडे सोडा. शोषखड्डा उसाच्या बाजूला घेऊ नका, ती बाजू आधीच ओली आहे. मागच्या हद्दीला चर काढून शेताचं पाणी रस्त्याकडच्या गटारात वळवता येतं का ते शेतमालकाशी बोलून पाहा. कुंपणाची भिंत घराला जोडू नका. तिच्यावर वजनच नसतं, ती सर्वांत आधी हलणार आणि जोडलेली असेल तर घराची भिंत सोबत नेणार.

ऑगरने १५ फुटांपर्यंत जाऊन आल्यावर दोन्ही खड्ड्यांतल्या थरांची खोली आणि प्रयोगशाळेचे दोन आकडे इथे टाका. खाली मुरूम निघाला तर फुटिंगची खोली सांगतो, नाही निघाला तर इंजिनिअरच्या पाइलच्या ड्रॉइंगमध्ये बल्बची पातळी आणि सळ्यांची लांबी पाहून देतो.